बोर्ड बदलण्याआधी एक मेल

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बिघडलेला फोन ठेवला, की पलीकडचा माणूस ठरलेले तीन प्रश्न विचारतो. बिल आहे का? पासवर्ड काय? डेटाचा बॅकअप घेतलाय ना? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकजण अर्धवट मान हलवतात, कारण मागे रांग असते. मग जॉबशीट छापून येते. तिच्यावर कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की डेटा जपण्याची जबाबदारी ग्राहकाची. दुरुस्तीत तो गेला तर कंपनी बांधील नाही. ग्राहक सही करतो. चार दिवसांनी फोन ठणठणीत होऊन परत मिळतो, पण आत एकही फोटो नसतो.

यात फसवणूक झालेली असतेच असं नाही. वॉरंटी यंत्राची असते, आतल्या मजकुराची नसते, आणि तंत्रज्ञाला काम असतं ते यंत्र चालू करून देण्याचं. त्यासाठी सगळ्यात सोपा आणि खात्रीचा मार्ग बहुधा डेटा पुसूनच जातो. म्हणून ‘डेटा सांभाळा हो’ असं तोंडी सांगून काही होत नाही. नेमकं काय करू नये आणि कुठे थांबून विचारावं, हे लेखी सांगावं लागतं, आणि तेही सहीच्या आधी.

समजा, चिपळूणमध्ये घरांची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराचा आठ महिन्यांचा अँड्रॉइड फोन आहे. एका रात्री तो बंद होतो आणि मग कंपनीचं नाव दाखवून पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. गुगलच्या खात्यातली फुकट मिळणारी 15 जीबी जागा कधीच भरलेली. व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्याच जागेत मोजला जातो, त्यामुळे फेब्रुवारीनंतर फोटोही वर गेले नाहीत आणि संदेशही नाहीत. स्लॅब भरण्याआधी काढलेले सळयांचे फोटो, मालकांनी आवाजात पाठवलेले फेरबदल, मजुरांचे हिशेब, सगळं त्या एका फोनमध्ये.

अशा वेळी फोनवर कधी कधी एक काळा पडदा येतो. त्यावर Can't load Android system असा संदेश आणि खाली दोनच पर्याय असतात: Try again आणि Factory data reset. घरातलं कुणीतरी उत्साही माणूस दुसरा दाबून मोकळं होतं, आणि तिथेच खेळ संपतो. ठेकेदाराने तो दाबला नाही. त्याने खोक्यावरून पंधरा आकडी आयएमईआय शोधला, सिमकार्ड काढून घेतलं आणि सर्व्हिस सेंटरला मेल लिहिला. त्याची एक प्रत कंपनीच्या ग्राहकसेवेच्या पत्त्यावरही पाठवली.

‘विषय: वॉरंटीतील दुरुस्ती – लेखी संमतीशिवाय डेटा पुसू नये.

महोदय, माझा फोन (मॉडेल, आयएमईआय आणि खरेदीची तारीख सोबतच्या बिलावर आहे) आज आपल्याकडे दुरुस्तीसाठी आणत आहे. मंगळवारी रात्रीपासून तो कंपनीचे नाव दाखवून पुन्हा पुन्हा सुरू होतो. फोन पडलेला नाही, पाण्यात गेलेला नाही आणि मी तो रिसेट केलेला नाही. त्यात फेब्रुवारीनंतरचे कामाचे फोटो व संदेश असून त्यांची दुसरी प्रत नाही. कृपया आधी तपासणी करून दोष कुठे आहे ते कळवावे. डेटा न पुसता करता येणारे उपाय आधी करावेत. रिसेट करणे, डेटा जाईल असे सॉफ्टवेअर टाकणे किंवा बोर्ड बदलणे यांपैकी काहीही करण्याआधी मला मेलवर विचारावे व माझे लेखी उत्तर येईपर्यंत थांबावे. फोन सुरू झाल्यास मला बोलवावे. मी समक्ष येऊन पिन टाकीन आणि डेटा उतरवून घेईन. मी नकार दिल्यास फोन आहे त्या स्थितीत परत द्यावा. या सूचनेची नोंद जॉबशीटवर करावी, ही विनंती.’

कंपनीला इंग्रजी हवं असेल तर इंग्रजीत पाठवावा. मजकूर एवढाच पुरे. त्यात ‘माझ्या आयुष्यभराच्या आठवणी’ वगैरे काही नाही, आणि ते बरंच आहे. त्यातल्या प्रत्येक वाक्याला काही कारण आहे.

‘बोर्ड बदलण्याआधी विचारा’ हे सगळ्यात महत्त्वाचं. अधिकृत सेंटरमध्ये सहसा बोर्डावरचा एखादा बारीक भाग काढून दुसरा बसवत नाहीत, आख्खा बोर्डच बदलतात. वॉरंटीत असेल तर फुकट, म्हणून ग्राहकही खूश. पण फोनमध्ये साठवण करणारी चिप त्याच बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते. बोर्ड गेला की ती गेली, आणि वॉरंटीत काढलेला सुटा भाग बहुधा कंपनी ठेवून घेते.

ती चिप उपटून दुसऱ्या यंत्रात वाचता येत नाही का? जुन्या फोनमध्ये हे जमायचं. आता आतला मजकूर कूटबद्ध असतो. अँड्रॉइड 10 घेऊन बाजारात आलेल्या फोनपासून तर ते सक्तीचं आहे. तो उलगडण्याची किल्ली काही अंशी प्रोसेसरच्या आत कोरलेल्या गुपितातून आणि काही अंशी मालकाच्या पिनमधून तयार होते. एकटी चिप घेऊन बसणं म्हणजे वाड्यातली तिजोरी उचलून आणायची आणि किल्ली मात्र वाड्याच्याच भिंतीत चिणलेली राहू द्यायची. रिसेटमध्येही हेच घडतं. फोन एकेक फोटो खोडत बसत नाही, किल्लीच नष्ट करतो. नंतर ‘डिलीट झालेला डेटा परत मिळवा’ अशी जाहिरात करणारं कोणतंही सॉफ्टवेअर आणा, हाती निरर्थक आकडेच येतात.

दुसरं वाक्य, ‘डेटा न पुसता करता येणारे उपाय’. दुकानातल्या भाषेत ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल’ असं सांगतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आता सगळं गेलं. पण सॉफ्टवेअर दोन तऱ्हांनी टाकता येतं. आयफोन रिकव्हरी मोडमध्ये संगणकाला जोडला की Update आणि Restore अशी दोन बटणं दिसतात. पहिलं प्रणाली नव्याने बसवतं आणि डेटा तसाच ठेवायचा प्रयत्न करतं, दुसरं सगळं साफ करतं. सॅमसंगच्या फोनसाठी तंत्रज्ञ जो संच वापरतात, त्यात शेवटची फाइल दोन रूपांत मिळते: CSC आणि HOME_CSC. पहिली टाकली तर फोन कोरा होतो, दुसरी टाकली तर डेटा राहतो. प्रणालीची एखादी फाइल बिघडली असेल, तर डेटा राखणाऱ्या पद्धतीनेही फोन उठून बसू शकतो. साठवणीची चिपच खराब झाली असेल, तर दोन्ही पद्धती व्यर्थ. पण हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि दिवसाला ढीगभर फोन हातावेगळे करणाऱ्या माणसाने ते आपणहून करून पाहावं, अशी अपेक्षा जरा जास्तच आहे. म्हणून लिहून द्यायचं.

पिनचं वाक्य वाचून काहीजणांना वाटेल, की सेंटरलाच पिन दिला तर काम लवकर होईल. होईलही. पण तो पिन जॉबशीटवर पेनाने लिहिला जातो आणि फोनबरोबर टेबलाटेबलावरून फिरतो. दुसरीकडे, पिनशिवाय तंत्रज्ञाने मनात आणलं तरी डेटा उतरवता येत नाही. फोन बंद होऊन सुरू झाला की पहिल्यांदा बोटाचा ठसा चालत नाही. पिन पडेपर्यंत फोटो आणि संदेश कुलूपबंदच असतात. म्हणून मालकाने स्वतः जाणं हा मधला मार्ग. फोन चालू असेल आणि फक्त बॅटरी किंवा स्पीकरची तक्रार असेल, तर काम आणखी सोपं. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे. तो लावला की तंत्रज्ञाला फोन तपासता येतो, मालकाचं काहीही दिसत नाही.

आयफोनवाल्यांसाठी एक धोक्याची जागा वेगळी सांगायला हवी. दुरुस्तीआधी ‘फाइंड माय’ बंद करायला सांगतात. पडदाच गेलेला असेल तर ते दुसऱ्या उपकरणावरून, संकेतस्थळावर जाऊन करावं लागतं. तिथे फोन खात्यातून काढण्याच्या पर्यायाजवळच Erase This Device हाही पर्याय असतो. तो चुकून दिला, तर बंद फोन निमूट पडून राहतो आणि दुरुस्त होऊन इंटरनेटला जोडला गेला की स्वतःला पुसून टाकतो.

मेलला उत्तर काय येतं? बरेचदा, ‘आम्ही प्रयत्न करू, डेटाची हमी नाही.’ एवढ्यावर नाराज होऊ नये. हमी मागितलेलीच नाही, मागितलंय ते विचारल्याशिवाय पुढे न जाण्याचं आश्वासन. काउंटरवर जॉबशीट हातात आली, की तिच्यावर ‘ग्राहकाच्या संमतीशिवाय डेटा पुसू नये, मेल पाहावा’ एवढं लिहून घ्यावं, मग सही करावी आणि तिचा फोटो काढून ठेवावा. तरीही न विचारता बोर्ड बदलला गेला, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही दाद मागता येते. गेलेले फोटो आयोग परत आणू शकत नाही. पण सेवेत त्रुटी होती हे दाखवायला, बारीक अक्षरांतल्या त्या कलमासमोर तारीखवार मेल ठेवता येतो. नुसतं ‘मी सांगितलं होतं’ म्हटल्याने तेवढं वजन पडत नाही.

चिपळूणच्या ठेकेदाराला तिसऱ्या दिवशी उत्तर येतं: डेटा राखून सॉफ्टवेअर टाकून पाहिलं, उपयोग झाला नाही, बोर्ड बदलावा लागेल, कळवावे. आता निर्णय त्याचा. हिशेब दुसऱ्या वहीत असतील, सळयांचे फोटो इंजिनीअरकडे असतील, तर त्याने खुशाल हो म्हणावं. नसतील, तर फोन तसाच परत घेऊन बोर्डावर सूक्ष्म डागकाम करणाऱ्या खासगी कारागिराकडे जाता येतं. दोष वीजपुरवठा सांभाळणाऱ्या भागात असेल, तर असा कारागीर तो भाग बदलून फोन एकदा तरी चालू करू शकतो. मग पिन टाकून फोटोंचा DCIM फोल्डर आणि Android/media/com.whatsapp हा फोल्डर संगणकावर उतरवायचा. दुसऱ्यात व्हॉट्सॲपने रोज रात्री फोनवरच घेतलेली प्रत असते. ती नव्या फोनमध्ये जागच्या जागी ठेवून तोच नंबर घातला, की संदेश परत येतात. मात्र फोन बाहेर उघडला की कंपनी वॉरंटी नाकारू शकते, आणि नवा बोर्ड मग स्वतःच्या पैशाने घ्यावा लागतो. साठवणीची चिपच मेलेली असेल, तर कारागिराचे पैसेही जातात आणि डेटाही. कामाला हात लावण्याआधी तपासणी करून दोष कुठला ते सांगणारा, आणि ‘नक्की निघेल’ असं न म्हणणारा कारागीर निवडलेला बरा.

बोर्ड बदलायला होकार दिला, तरी एक शेवटचा मेल लागतो. नव्या बोर्डाबरोबर आयएमईआय बदलू शकतो, मग बिलावरचा आणि खोक्यावरचा आकडा फोनशी जुळत नाही. जुना आणि नवा असे दोन्ही आकडे लिहिलेली जॉबशीट मागून घ्यावी. पुढची वॉरंटी, विमा आणि चोरी झाल्यास पोलिसांतली तक्रार, सगळीकडे हाच कागद लागतो.