बाराव्या गड्याला बॅट कधी मिळते?

गावच्या स्पर्धेची फायनल. शेवटची ओव्हर, धावा थोड्या, गडी त्याहून थोडे. आणि दिवसभर पाण्याच्या बाटल्या नेणारा, कुणाच्या तरी जागी फिल्डिंग करणारा बारावा गडी बॅट घेऊन आत येतो. ही गोष्ट सांगायला कुणालाही आवडते. तिच्यात एकच अडचण आहे. क्रिकेटच्या नियमांप्रमाणे बारावा गडी बॅट घेऊन आत येऊच शकत नाही.

बदली खेळाडूला फिल्डिंग करता येते, आणि २०१७च्या नियमावलीपासून पंचांच्या संमतीने यष्टिरक्षणही. गोलंदाजी, कप्तानी आणि फलंदाजी मात्र त्याच्यासाठी बंद. जखमी फलंदाजासाठी रनर म्हणूनही तो चालत नाही, कारण रनर खेळणाऱ्या अकरांपैकीच लागतो, आणि शक्यतो त्याची फलंदाजी आधी झालेली असावी लागते. आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०११पासून रनरच बंद झाला. गावोगावच्या सामन्यांत तो अजून पळतो, ही गोष्ट वेगळी.

मग बाराव्याला बॅट मिळते कशी? नियमांनीच दारं थोडी किलकिली ठेवली आहेत. सर्वांत नवं दार डोक्याच्या दुखापतीचं. ऑगस्ट २०१९मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी मार्नस लाबुशेन फलंदाजीला उतरला. कसोटीत असा बदली फलंदाज तोवर कुणी पाहिला नव्हता. आर्चरने आल्या आल्या त्याच्याही हेल्मेटच्या जाळीवर चेंडू आदळवला. तो उठला आणि ५९ धावा करून गेला. या दारावर अट अशी की येणारा गडी जाणाऱ्याच्याच जातकुळीचा हवा. ती अट किती ताणायची यावर भांडणं होतातच. ३१ जानेवारी २०२५ला पुण्याजवळ गहुंज्याला शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा आला, त्याने तीन बळी घेतले आणि इंग्लंडचा कप्तान जॉस बटलर उघड नाराज झाला. अष्टपैलूच्या जागी निव्वळ वेगवान गोलंदाज कसा, हा त्याचा सवाल. सवाल रास्तच होता.

दुसरं दार स्पर्धेच्या आयोजकांनी स्वतः बसवलेलं. आयपीएलमध्ये २०२३पासून ‘इम्पॅक्ट प्लेयर’ आहे. तिथे कुणाला लागायची गरज नसते, कप्तानाला वाटलं की गडी बदलता येतो.

पण गावच्या फायनलला यातलं काही उपयोगाचं नाही. तिथे डोकं तपासायला डॉक्टर नसतो आणि इम्पॅक्टचा नियम छापलेला नसतो. तिथे चालतं ते तिसरं दार, सर्वांत जुनं आणि सर्वांत कमी लोकांना ठाऊक असलेलं. नाणेफेकीआधी दोन्ही कप्तानांनी आपले अकरा गडी लेखी द्यायचे असतात. त्यानंतर नाव बदलता येत नाही, मात्र समोरच्या कप्तानाने संमती दिली तर येतं. संमती मिळाली की येणारा गडी नुसता बदली राहत नाही, तो अकरांतला एक होतो. २०२२च्या नियमावलीने त्याला शेपूटही जोडलं: जाणाऱ्या गड्याचं सगळं येणाऱ्याच्या नावावर चढतं. तो आधी बाद झालेला असेल, तर हाही बादच.

हे प्रत्यक्षात कसं घडतं, ते एका काल्पनिक फायनलवर लावून बघू. टेनिस चेंडू, आठ-आठ ओव्हरचा सामना. पंधरा जणांची यादी आधार कार्डांच्या झेरॉक्ससकट आयोजक मंडळाकडे दिलेली, कारण बाहेरगावचा खेळाडू घुसवला की पहिली बोंब तिथेच होते. त्या पंधरांतले अकरा आत, चार बाहेर.

पहिल्या डावात फिल्डिंग करताना यजमान संघाचा एक चांगला फलंदाज झेलामागे धावला, खड्ड्यात पाय पडला आणि घोटा सुजला. बारावा आत गेला. पुढच्याच ओव्हरला त्याने डीप मिडविकेटला झेल घेतला. डाव संपल्यावर यजमानांचा कप्तान पाहुण्यांच्या कप्तानाकडे गेला.

“भाऊ, आमच्या पोराला पाय टेकवत नाहीये. ह्याला घेऊ का त्याच्या जागी?”

पाहुण्याने बाराव्याकडे एकदा बघितलं. “हा? घ्या की.”

या होकारात दिलदारी किती आणि हिशेब किती, हे सांगणं कठीण. घोटा सुजलेला गडी मोठे फटके मारणारा होता. रनर घेऊन का होईना, तो उतरला असता तर महागात पडलं असतं. बाराव्याची कुणालाच धास्ती नव्हती. तरी शहाण्या पंचांनी अशा वेळी गुणलेखकाच्या कागदावर दोन्ही कप्तानांच्या सह्या घ्याव्यात. तोंडी होकाराची आठवण सामना संपेपर्यंत टिकतेच असं नाही, विशेषतः चषकासोबत रोख बक्षीस असेल तेव्हा.

बारावा अकरांत आला, म्हणजे लगेच बॅट मिळाली असं नाही. त्याला अकराव्या क्रमांकावर ठेवलं गेलं. आता वाट बघणं. वाट बघण्याचा मुंबईतला सर्वांत मोठा दाखला फेब्रुवारी १९८८चा. आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी ६६४ धावांची अभंग भागीदारी करत होते, आणि शारदाश्रमाचा पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून होता. त्याची पाळी आलीच नाही. तोच मुझुमदार २०२५मध्ये भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक होता, जेव्हा जखमी प्रतिका रावलच्या जागी ऐन उपांत्य फेरीच्या तोंडावर बोलावलेल्या शफाली वर्माने नवी मुंबईच्या फायनलमध्ये ८७ धावा काढल्या आणि दोन बळीही घेतले. शफालीची बदली संघातली होती, सामन्यातली नव्हे. पण बाकावरच्या माणसाला काय वाटतं हे तिच्या प्रशिक्षकाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आपल्या फायनलकडे परत. शेवटची ओव्हर, सहा चेंडूंत १० धावा, आठ गडी बाद. स्ट्राईकला चौतीसवर खेळणारा सेट फलंदाज. पहिल्या चेंडूवर त्याने एक धाव काढली. पाच चेंडूंत नऊ. दुसऱ्यावर समोरच्या गड्याने आडवी बॅट फिरवली, चेंडू उंच उडाला, चेंडू हवेत असताना दोघे एकमेकांना ओलांडून गेले, आणि लाँगऑनला झेल.

इथे गोष्टीचं खरं वळण आहे, आणि ते नियमाने घेतलेलं आहे. ऑक्टोबर २०२२पर्यंत झेल जाताना फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं असेल, तर सेट फलंदाज स्ट्राईकला यायचा आणि बारावा दुसऱ्या टोकाला उभा राहायचा. आता तसं नाही. झेलबाद झाल्यावर ओव्हर संपलेली नसेल, तर पुढचा चेंडू नव्या फलंदाजानेच खेळायचा. गावोगावचे खेळाडू अजून जुन्याच नियमाने टोक बदलतात आणि पंचांशी वाद घालतात. इथेही घातला. पंच ठाम राहिले.

बाराव्याला यायला तीन मिनिटं होती. मूळ नियम एवढीच सवड देतो. आंतरराष्ट्रीय एकदिवसीयमध्ये ती दोन मिनिटं असते, आणि नोव्हेंबर २०२३मध्ये दिल्लीत हेल्मेटचा पट्टा तुटल्यामुळे अँजेलो मॅथ्यूज तेवढ्यात बाद ठरला होता. टेनिस चेंडूला पॅड-हेल्मेटचं लोढणं नसतं. बाराव्याने बाद होऊन येणाऱ्याच्या हातातली बॅट घेतली, बस्स. ही बॅट टेनिससाठी बनवलेली, मागून लाकूड कोरून हलकी केलेली. लेदरचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, टेनिसचा साठ ग्रॅमच्याही आत. त्याला वजनापेक्षा बॅटचा वेग लागतो.

तिसरा चेंडू त्याने सोडलाच म्हणायचा. बॅट फिरली, पण फार लवकर. टेनिस चेंडू हलका असल्याने हवेत लवकर मंदावतो, आणि टप्पा पडल्यावर मऊ रबरामुळे उंच उठतो. सीमारेषेवरून हे दिसतं, पण हाताला ते कळायला एक चेंडू जातो. तीन चेंडूंत नऊ.

चौथ्याला तो थांबला. चेंडू उठू दिला आणि कीपरच्या डावीकडून, मोकळ्या फाइन लेगला ढकलला. चौकार. लाऊडस्पीकरवरच्या समालोचकाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं, तो नुसताच ओरडला.

दोन चेंडूंत पाच. पाचवा पायाशी आला, त्याने लाँगऑनकडे मारला. एक धाव नक्की होती, दुसरी नव्हती. इथे सांगणाऱ्याला मोह होतो की नायकाने धाव नाकारावी आणि शेवटचा चेंडू स्वतः खेळावा. पण मग एका चेंडूत पाच हवे होते, म्हणजे षटकारच. धाव घेतली तर चार, तेही सेट फलंदाजाच्या हाती. २४ मार्च २०२५ला विशाखापट्टणमला हाच हिशेब उलट्या बाजूने झाला. लखनऊविरुद्ध दिल्लीला शेवटच्या ओव्हरमध्ये सहा हवे होते, शेवटची जोडी खेळत होती. मोहित शर्माने एक धाव काढून स्ट्राईक दिला तो इम्पॅक्ट प्लेयर आशुतोष शर्माला, आणि त्याने पुढच्याच चेंडूवर षटकार मारून सामना काढला. ३१ चेंडूंत नाबाद ६६. तिथे बदली गडीच सेट होता. इथे तो कालचा पोर होता, म्हणून त्याने धाव घेतली. बरोबर केलं.

शेवटचा चेंडू. बारावा गोलंदाजाच्या टोकाला. चेंडू सुटण्याआधी क्रीज सोडलं तर गोलंदाज यष्ट्या उडवू शकतो, आणि २०२२पासून हे साध्या धावबादच्याच कलमात आहे. तो बॅट रेघेच्या आत रोवून उभा राहिला. फटका डीप मिडविकेटला गेला, फिल्डर घसरला. एक झाली, दोन झाल्या. तिसरी झाली तर बरोबरी. तिसऱ्या धावेला बाराव्याला कीपरच्या टोकाला पोचायचं होतं आणि थ्रो तिकडेच आला. एका धावेने हार.

गुणलेखकाने सातव्या ओळीतलं खोडलेलं नाव आणि शेजारच्या दोन सह्या पुन्हा तपासल्या, आणि बाराव्यापुढे लिहिलं: धावबाद, ५ धावा, ३ चेंडू. पहिल्या डावातल्या झेलापुढे मात्र ‘सब’ एवढंच राहिलं, कारण तो झेल घेताना तो अकरांत नव्हता. चौथी धाव निघाली असती, तर पाहुण्या संघाचा कुणीतरी त्या सह्या खऱ्या की खोट्या हे विचारायला मंडपात आलाच असता.