रक्तदाबाची वही, लेखांक ६ : फेरीने उतरलेले एकवीस अंक

गेल्या आठवड्यात आपण घरी रक्तदाब कसा मोजायचा ते पाहिलं. त्यावर बऱ्याच वाचकांनी एकाच धर्तीचा प्रश्न केला : प्राणायाम आणि सकाळची फेरी सुरू केल्यापासून बीपी खाली आलं आहे, मग गोळी सोडायची का? उत्तर द्यायचं तर आधी हे बघावं लागेल की खाली आलेलं बीपी नेमकं कशामुळे आलं. हा प्रश्न मराठी डॉक्टरांनी पन्नास वर्षांहून अधिक काळापूर्वी हाताळला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

१९६९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी देशमुख, दळवी आणि विनेकर या सहकाऱ्यांसह ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात एक निबंध छापला. उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना त्यांनी शवासन शिकवलं होतं. पाठीवर पडून राहायचं, श्वास सावकाश चालू द्यायचा, लक्ष श्वासावर ठेवायचं आणि अंग सैल सोडायचं, एवढीच कृती. त्या काळी रक्तदाबाची औषधं फार त्रासाची होती. रेसर्पिनने मन खचायचं, ग्वानेथिडिनने उभं राहताच भोवळ यायची. त्यामुळे गोळ्या कमी करता येतील असा कुठलाही मार्ग मोलाचा वाटणं साहजिक होतं.

औषध न घेणाऱ्या १० रुग्णांचा सरासरी दाब १३४ वरून १०७ वर आला. हा सरासरी दाब म्हणजे खालचा आकडा अधिक दोन आकड्यांमधल्या फरकाचा एक तृतीयांश. नेहमीच्या भाषेत सांगायचं तर सुमारे १८०/११० चे १४५/८८ झाले. ज्यांचा दाब गोळ्यांनी आधीच ताब्यात होता त्यांचा दाब जवळपास तेवढाच राहिला, मात्र त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या गोळ्या मूळच्या एक तृतीयांशावर आल्या. त्या काळात हे धाडसाचं काम होतं आणि नोंदीही प्रामाणिक होत्या. पण एक गोष्ट नव्हती : शवासन न करणारा, बाकी सगळं सारखं असणारा दुसरा गट. सर्वात मोठी घसरण सर्वात चढ्या दाबाच्या गटात दिसली, आणि अशा गटाचा दाब काहीही न करता पुढच्या मोजणीत थोडा उतरतोच, कारण आपण त्यांना निवडलेलंच असतं त्यांच्या वाईट दिवशी.

तो दुसरा गट १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या क्रॉयडनच्या डॉ. चंद्रा पटेल यांनी ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासात घेतला. ३४ रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड आणि सहा आठवडे. योगाधारित शिथिलीकरण शिकलेल्यांचा वरचा दाब २६ ने उतरला. ज्यांना काहीच शिकवलं नव्हतं, जे तेवढाच वेळ नुसते कोचावर पडून राहायचे, त्यांचाही ९ ने उतरला. त्या ९ कडे नीट बघा. दवाखान्याची, यंत्राची आणि नर्सची सवय होणं, अंग टेकणं, एवढ्यानेच ९ अंक जातात. उरलेले १७ मात्र खरे वाटत होते.

मग १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अवघड प्रयोग छापला. त्यांनी रुग्णांच्या धमनीत बारीक नळी ठेवून चोवीस तास, झोपेत आणि कामातही, दाब मोजला. एका गटाला स्नायू सैल करणं, योगासनं आणि ताण हाताळणं शिकवलं, दुसऱ्याला फक्त शांत बसायला सांगितलं. वर्षभराने दोन्ही गटांत फरक नव्हता. डॉक्टरांसमोर मोजलेला दाब दोन्हींत थोडासा उतरला होता, पण चोवीस तासांचा दाब होता तिथेच होता. रुग्ण कमी होते आणि त्यांचा आजारही सौम्य होता, म्हणून हा शेवटचा शब्द मानता येणार नाही. तरी एवढं कळलं की चटईवरचा दाब आणि दिवसभराचा दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढचे अनेक छोटे प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा योगाने वरचा दाब साधारण ४ ते ५ अंकांनी उतरतो असा अंदाज निघाला. यातले बरेचसे प्रयोग कच्चे आहेत हे ते एकत्र करणारेच लिहितात. संथ श्वसनाची गोष्ट जास्त बोलकी आहे. मिनिटाला सहा श्वास घेतले की दाब लगेच उतरतो, हे पक्कं आहे, पण ते त्या काही मिनिटांपुरतं. श्वास संथ करायला शिकवणारं एक यंत्र परदेशात विकलं जातं. त्याच्यावरच्या आठ प्रयोगांची एकत्र छाननी २०१२ मध्ये झाली आणि वरच्या दाबात साधारण साडेतीन अंकांचा फायदा दिसला. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या पैशातून झालेले प्रयोग बाजूला काढल्यावर तो फायदा नाहीसा झाला.

दाब हा आकडा झाला. खरी भीती झटक्याची. त्यावर जगातला सर्वात मोठा प्रयोग भारतातच झाला आहे, ‘योगा-केअर’. डॉ. दोराईराज प्रभाकरन आणि लंडनचे डॉ. संजय किनरा यांच्या पुढाकाराने २४ रुग्णालयांतले ३,९५९ रुग्ण घेतले, सगळे नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले. अर्ध्यांना बारा आठवड्यांत १३ सत्रांतून सौम्य आसनं, श्वसन, ध्यान आणि आहाराचा सल्ला. उरलेल्यांना नेहमीचे उपचार आणि सल्ल्याची तीन सत्रं. जवळपास बावीस महिन्यांत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयासाठी तातडीने भरती यांपैकी काही ना काही योगगटात १३१ जणांना झालं, दुसऱ्यात १४६ जणांना. १५ चा हा फरक योगायोगानेही पडू शकतो. घटना अपेक्षेपेक्षा कमी घडल्या, त्यामुळे लहानसा फायदा असला तरी तो दिसला नसता. स्पष्ट दिसलं ते दुसरंच : योगगटातल्या लोकांना बरं वाटत होतं आणि ते आपल्या पूर्वीच्या कामाला जास्त प्रमाणात लागले. अपायही दिसला नाही. झटक्यानंतर घराबाहेर पडायला घाबरणाऱ्या माणसासाठी हे थोडंथोडकं नाही.

याच प्रयोगातला एक आकडा योगप्रेमी हमखास सांगतात. ज्यांनी १० किंवा जास्त सत्रं पूर्ण केली त्यांच्यात अशा घटना जवळपास निम्म्या होत्या. हा आकडा खरा आहे, पण त्याचा अर्थ फसवा आहे. अमेरिकेतल्या एका जुन्या औषध-प्रयोगाचा निष्कर्ष १९८० मध्ये छापला गेला. त्यात बनावट गोळ्या नियमित घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत १५ टक्के दगावले आणि त्याच बनावट गोळ्या अनियमित घेणाऱ्यांपैकी २८ टक्के. गोळीत काहीच नव्हतं. नियमित घेणारा माणूसच आधीपासून जरा धडधाकट, शिस्तीचा आणि घरचा आधार असलेला असतो. दहा सत्रं गाठणाऱ्यांचंही बरंचसं तसंच.

चालण्याचा पुरावा दाबाच्या बाबतीत जास्त भक्कम आहे. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात ७३ प्रयोग आणि पावणेसहा हजारांच्या आसपास माणसं होती. आठवड्यातून तीन ते पाच दिवस, २० ते ४० मिनिटं, साधारण तीन-साडेतीन महिने चालल्यावर वरचा दाब सुमारे ४ ने आणि खालचा सुमारे २ ने उतरला. औषधांच्या प्रयोगांवरून कळतं की वरचा दाब ५ ने उतरला की हृदयाच्या मोठ्या घटना जवळपास दहा टक्क्यांनी घटतात. चालून उतरलेले ४ तसंच फळ देतील असा तर्क रास्त आहे, पण निव्वळ चालण्यामुळे झटके घटले असं दाखवणारा प्रयोग झालेला नाही.

हे सगळं एका माणसाला लावून पाहायला आता खापरखेड्याला येऊ. सावनेर तालुक्यातलं हे वीजकेंद्राचं गाव. महानिर्मितीचे पाच संच, एकूण १,३४० मेगावॅट, कामाच्या तीन पाळ्या आणि रस्त्यावर कोळशाचे ट्रक. समजा, इथल्या वसाहतीतले पन्नाशीचे एक ऑपरेटर आहेत, अजून गोळी सुरू झालेली नाही. आकडे मी उदाहरणासाठी रचले आहेत, पण गणित खरं आहे. जानेवारीच्या शिबिरात, रांगेत उभं राहून, पाळी संपवून आल्या आल्या मोजलेला दाब १५८/९६. घाबरून त्यांनी फेरी आणि अनुलोम-विलोम सुरू केलं. एप्रिलअखेर घरी सात दिवस नीट मोजला तर सरासरी १३७/८५. एकवीस अंक! कोणीही म्हणेल, गोळीची गरजच काय.

पण जानेवारीतच त्यांनी घरी आठवडाभर मोजला असता तर तो १४६ च्या आसपास आला असता. म्हणजे बारा अंक मोजण्याच्या पद्धतीचे. उरले नऊ. विदर्भात जानेवारीच्या थंडीतून एप्रिलच्या कडक उन्हात येताना त्वचेच्या रक्तवाहिन्या सैलावतात, घाम जातो, आणि घरचा वरचा दाब पाचेक अंकांनी आपोआप उतरतो. हे पाच ऋतूचे. शेवटी उरतात चार, आणि ते फेरीचे, प्रयोगांनी सांगितले तेवढेच. पुढच्या डिसेंबरात हाच माणूस फेरी न चुकवताही १४१-१४२ वर दिसेल. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वरचा दाब हा उच्चच. म्हणजे डॉक्टरांशी गोळीबद्दल बोलायचंच आहे. उन्हाळ्यात गोळी सोडून हिवाळ्यात पक्षाघात घेऊन येणाऱ्यांच्या गोष्टींत हेच गणित चुकलेलं असतं.

रस्त्याचंही महत्त्व आहे. लंडनमध्ये साठीपुढच्या माणसांना दोन तास हाइड पार्कमध्ये आणि वेगळ्या एका दिवशी दोन तास ऑक्सफर्ड स्ट्रीटवर डिझेलच्या वाहतुकीत चालवलं. बागेत चालल्याने फुप्फुसांना आणि धमन्यांना झालेला फायदा रस्त्यावर बराचसा वाया गेला. तेव्हा ट्रक आणि राखेच्या रस्त्याने फेरी मारू नका, वसाहतीच्या आतल्या वाटेने किंवा मैदानावर मारा. मे महिन्यात ऊन चढायच्या आत परता. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात चक्कर आल्यास ती अंगावर काढू नका, डॉक्टरांना मात्रा विचारा.

रात्रपाळीवाल्यांनी पाळी संपल्यावर लगेच मोजू नये. झोप पुरी झाल्यावर, पाच मिनिटं पाठ टेकून बसून, चहाच्या आणि गोळीच्या आधी दोनदा मोजावं. रात्रपाळीत असं एक पूर्ण आठवडा आणि दिवसपाळीत एक पूर्ण आठवडा लिहून ठेवावं. बदलाचा निवाडा करायचा तो गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, मागच्या महिन्याशी नव्हे. दाब ताब्यात नसेल तर शीर्षासन, सर्वांगासन आणि श्वास रोखून धरणारे प्रकार करू नयेत. आधी डॉक्टर.

माझा निवाडा असा : फेरी रोज, प्राणायाम आवडत असेल तर जरूर, आणि दोन्हींचा हिशोब चार-पाच अंकांचा. आधीच गोळी चालू असेल तर ती कमी करायची की नाही हे वही दाखवून डॉक्टरांशी ठरवा, एप्रिलचा आकडा पाहून स्वतः ठरवू नका. पुढच्या आठवड्यात मीठ.