साठा कधी मागवायचा, कोणता आधी वापरायचा

छोट्या दवाखान्यात सिरिंज संपल्याचं बहुतेकदा डबा उघडल्यावरच कळतं. पेशंट टेबलावर बसलेला असतो आणि कुणीतरी शेजारच्या मेडिकलमध्ये धावतं. साठ्याची वही असूनही असं होतं, कारण आलेला माल बिल पाहून लगेच चढवला जातो आणि गेलेला माल मात्र ‘संध्याकाळी लिहू’ म्हणून राहून जातो. मग वहीतली शिल्लक कपाटातल्या शिल्लकेपेक्षा नेहमीच जास्त दिसते.

या वहीत प्रत्येक वस्तूला स्वतंत्र पान असतं. तारीख, बिल क्रमांक, बॅच नंबर, मुदत, जमा, खर्च, शिल्लक आणि सह्या असे रकाने, आणि पानाच्या डोक्यावर किमान साठा. हा किमान साठा अंदाजाने लिहायचा नसतो. समजा, पाच मिलीच्या सिरिंज रोज सरासरी २० लागतात. स्टॉकिस्ट एरवी तीन दिवसांत माल पोचवतो, पण सुट्ट्या जोडून आल्या की सहा दिवस घेतो. हिशेब या सहा दिवसांचाच धरायचा, म्हणजे १२०. पावसाळ्यात तापाचे पेशंट वाढून रोजचा खर्च ३० वर गेला, तर तोच आकडा १८० होतो. शिल्लक तिथे आली की त्याच दिवशी ऑर्डर द्यायची. साथ ओसरली की पानावरचा आकडाही खाली आणायचा. पुष्कळ दवाखान्यांत तो एकदा लिहिला की वर्षानुवर्षं तसाच राहतो.

ॲड्रेनॅलिनला मात्र हे गणित लागू पडत नाही. इंजेक्शन दिल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर एखाद्याला तीव्र ॲलर्जी होऊन श्वास कोंडला, रक्तदाब उतरला, तर पहिलं औषध हेच. वर्षभरात ते एकदाही लागलं नाही, तर सरासरी खर्च शून्य येतो आणि त्या हिशेबाने किमान साठाही शून्यच निघेल. म्हणून इथे प्रश्न वेगळा विचारावा लागतो: एका वाईट प्रसंगात किती लागेल? पाच मिनिटांनी डोस पुन्हा द्यावा लागू शकतो, घाईत एखादी ॲम्प्यूल फुटते, आणि नवा माल येईपर्यंत दुसरा पेशंटही येऊ शकतो. त्यामुळे चार-पाच ॲम्प्यूल कायम हव्यात. त्यातल्या बऱ्याचशा न वापरताच बाद होतील. हा खर्च मी वाया गेलेला मानत नाही.

मुदतीची सूचनाही अशीच वस्तू पाहून लावावी लागते. ‘तीन महिने आधी सांग’ असा सरसकट नियम अपुरा पडतो. डिसेंबरअखेर एका गोळीच्या ६० स्ट्रिप शिल्लक आहेत, मुदत मार्चअखेरची आणि आठवड्याला चार स्ट्रिप जातात, असं समजू. तेरा आठवड्यांत ५२ जातील, आठ उरतील. तेव्हा नव्या बॅचचा खोका मागे ठेवून जुना पुढे ओढायचा आणि उरणाऱ्या आठांबद्दल स्टॉकिस्टशी आत्ताच बोलायचं. परत घेण्याची त्याची अट मुदत संपण्याआधीची असू शकते. मुदत उलटलेली औषधं जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातात.

संगणकावर वही ठेवणाऱ्यांना इथे एक खड्डा लागतो. औषधावर फक्त महिना आणि वर्ष छापलेलं असेल, तर औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. एक्सेलमध्ये 03/2026 टाइप केलं की तो १ मार्च धरतो आणि चांगलं औषध जवळपास महिनाभर आधी बाद दाखवतो. तारीख C2 मध्ये असेल, तर शेजारच्या रकान्यात हे लिहावं:

```
=EOMONTH(C2,0)
```

उत्तर आकड्यात दिसलं तर त्या रकान्याला तारखेचं स्वरूप द्यावं.

आता सह्या. ड्रेसिंग रूमसाठी सिस्टर माल नेते, तेव्हा देणारा आणि घेणारी दोघांनीही त्याच क्षणी सही करायची आणि नग लिहायचे. ‘एक बॉक्स’ लिहिलं की गोंधळ सुरू होतो, कारण एका कंपनीच्या बॉक्समध्ये ५० नग असतात, दुसरीच्या १००. बॅच नंबरही लिहायचा. एखादी बॅच निकृष्ट ठरवून परत मागवली गेली, तर ती कुठे गेली हे त्या ओळीवरूनच सापडतं.

महिन्यातून एकदा कपाट मोजावं. वहीत १४० आणि हातात १०४ सिरिंज निघाल्या, तर कुणावर संशय घेण्याआधी शेवटच्या मोजणीनंतरच्या ओळी पाहाव्यात. एखाद्या रात्रीच्या इमर्जन्सीची नोंद राहिली असेल, किंवा ५० चा बॉक्स १०० म्हणून जमा झाला असेल. कारण सापडो वा न सापडो, जुना आकडा खोडरबरने पुसू नये. ‘मोजणीत ३६ कमी’ अशी नवी ओळ टाकावी, खाली डॉक्टरांची सही घ्यावी आणि शिल्लक किमान साठ्याखाली गेली असेल, तर लगेच ऑर्डर द्यावी.