‘सगळं तुझंच हाय’ म्हणजे नेमकं काय?

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्र्यांच्या आजूबाजूला कितीतरी मशीन शॉप आहेत. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग सीएनसीवर मापात आणायचं आणि वाहन उद्योगाच्या पुरवठादारांना पाठवायचं, हे त्यांचं काम. यातले अनेक कारखाने दोन भावांचे किंवा बाप-लेकांचे असतात. मुलगा इंजिनिअर होतो, पुण्याला जातो, चाकणच्या एखाद्या कंपनीत लागतो आणि सत्ताविशीच्या सुमारास घरून विचारणा सुरू होते, “किती दिवस दुसऱ्याकडं राबणार? ये की, सगळं तुझंच हाय.”

या वाक्यात खोट नसते. पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. एक, रोज केलेल्या कामाचा मोबदला. दोन, धंद्यातल्या हिश्श्यावरचा नफा. तीन, पुढे कधीतरी मिळणारा वारसा. नोकरीत यातली फक्त पहिली गोष्ट मिळते. म्हणून तिची तुलना करताना बाकीच्या दोन आधी बाजूला काढाव्या लागतात.

एका अशा कारखान्याचा हिशेब मांडून बघू. आकडे नमुन्याचे आहेत. वडील आणि काका निम्म्या-निम्म्या हिश्श्याचे भागीदार. पाच मशीन, बावीस कामगार, वर्षाची उलाढाल ६ कोटी. मुलाला चाकणला १०.८ लाखांचं पॅकेज आहे, हातात महिन्याला ७५ हजार पडतात. घरचा प्रस्ताव असा : २० टक्क्यांचा भागीदार हो, महिन्याला ४० हजार उचल, राहणं-जेवण घरचं, गाडी कारखान्याची.

७५ आणि ४०, फरक मोठा वाटतो. पण पुण्यात भाडं, खाणं आणि जाण्यायेण्यावर २६ हजार जातात, म्हणजे उरतात ४९. घरी हा खर्च जवळजवळ नाही. फरक नऊ-दहा हजारांवर आला. वर नोकरीत पीएफ साठतो आणि पाच वर्षांनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो, तो भाग वेगळा. बायको पुण्यात नोकरी करत असेल तर मात्र हा सगळा हिशेब उलटतो. तिचा पगार कोल्हापुरात तेवढाच मिळेल का, हे आकड्यात मांडल्याशिवाय पुढे जाऊच नये.

आता २० टक्के नफ्याचं बघू. भागीदारांचा मोबदला, भांडवलावरचं व्याज आणि कर वजा जाता २० लाख उरले, तर मुलाच्या नावावर ४ लाख जमा होतात. जमा होतात, हातात येत नाहीत. गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी पैसे देतं, त्यामुळे सहा कोटींच्या धंद्यात दीड कोटीच्या आसपास रक्कम येण्यात अडकलेली असते. नफा त्यात असतो, रॅकवरच्या मालात असतो, नव्या मशीनच्या हप्त्यांत गेलेला असतो. वडील आणि काकांचं भांडवल आधीपासून आहे, त्यावर त्यांना आधी व्याज मिळतं. आयकराच्या दृष्टीनं ते १२ टक्क्यांपर्यंत खर्च म्हणून चालतं, मात्र भागीदारीच्या करारात तसं लिहिलेलं हवं. नव्या भागीदाराचं भांडवल शून्य, म्हणून व्याजही शून्य.

मग मोबदला योग्य आहे की नाही, हे कसं ठरवायचं? माझ्या मते एकच कसोटी पुरते. मुलगा आला नाही, तर हेच काम करायला बाहेरचा प्रॉडक्शन मॅनेजर किती पगारावर ठेवावा लागेल? कोल्हापुरात त्याला ६० हजार द्यावे लागणार असतील, तर मुलाच्या कामाची किंमत ६० हजार आहे. ४० दिले, तर उरलेले २० हजार तो दर महिन्याला धंद्यात घालतो आहे आणि ते कुठल्याही वहीत दिसत नाहीत. उलट लाखभर दिले, तर काकांना ते आज ना उद्या खुपणार. शिवाय नातेवाइकाला बाजारभावापेक्षा अवाजवी पगार दिला, तर आयकर अधिकारी जादा रक्कम खर्च म्हणून नामंजूर करू शकतो. घरात मुलगी किंवा सून बिलिंग आणि जीएसटी सांभाळत असेल, तिलाही हीच कसोटी लावा. अनेक घरांत त्या कामाचा पगार कुणी ठरवलेलाच नसतो.

अधिकाराचा प्रश्न पगारापेक्षा अवघड, कारण तो कुणी आकड्यात सांगत नाही. चाकणच्या कंपनीत ज्युनिअर मॅनेजरला किती रुपयांपर्यंतची खरेदी स्वतःच्या सहीनं करता येते, हे लिहिलेलं असतं. रक्कम लहान असते, पण ती कुणी परस्पर काढून घेत नाही. घरच्या कारखान्यात व्हिजिटिंग कार्डावर ‘डायरेक्टर’ किंवा ‘पार्टनर’ छापलेलं असतं आणि बँकेच्या नेट बँकिंगमध्ये मुलगा मेकर असतो, वडील चेकर. तो व्यवहार भरतो, मंजूर ते करतात. हरकत नाही, पण मग त्याला अधिकार म्हणू नये.

घरी परतण्याआधी मागच्या दोन-तीन वर्षांतले मोजके निर्णय आठवून बघावेत. शेवटचं मशीन घेताना कोणी ठरवलं? गिऱ्हाइकानं दर कमी मागितला तेव्हा ‘परवडत नाही’ असं कोण म्हणालं? पंचवीस वर्षं जुना फोरमन नव्या मोजमाप पद्धतीला नाही म्हणाला, तेव्हा कोणाचं चाललं? स्क्रॅप कोण विकतं आणि त्याचे पैसे कुठे जातात? चौथ्या प्रश्नाला घरात शांतता पसरली, तर समजावं की काही खाती मुलासाठी बंद राहणार आहेत. अशा ठिकाणी ‘सगळं’ मागू नये. एक गोष्ट पूर्ण मागावी : एक नवं गिऱ्हाईक, दोन मशीन, त्यांची माणसं, त्यांचा दर आणि त्यांचा नफा-तोटा. वडिलांची तेवढीही तयारी नसेल, तर पुढच्या पाच वर्षांत ती होईल असं मानायला कारण नाही.

शिकण्याच्या बाबतीत दोन्हीकडे काही ना काही मिळतं, पण वेगवेगळं. मोठ्या कंपनीत खोली असते. ड्रॉइंगवर दुसरं कुणी नजर टाकतं, ऑडिटर येऊन चुका काढतो, एक टक्का रिजेक्शन कमी करण्यासाठी महिनाभर डोकं लावता येतं. घरच्या कारखान्यात रुंदी असते. कास्टिंगचा भाव, पॉवर फॅक्टरमुळे वाढलेलं वीजबिल, कामगाराची उचल, अडकलेलं पेमेंट काढणं, हे सगळं पहिल्या वर्षातच अंगावर येतं. चाकणला दहा वर्षांतही ते शिकता येणार नाही. उणीव एवढीच की इथे चूक दाखवणारं कुणी नसतं. वडिलांचं ज्ञान जिथे थांबतं, तिथे मुलाचंही शिक्षण थांबू शकतं. म्हणून बाहेर तीन-चार वर्षं काढून मग परतणं मला बरं वाटतं. त्यात दुसऱ्याच्या खर्चानं चुका होतात, आणि बाजारात आपली किंमत किती हे कळतं.

इथपर्यंतच्या गोष्टींवर घरात बोलणं होतं. ज्यावर होत नाही, तो मुद्दा बाहेर पडण्याचा. नोकरी सोडायची तर राजीनामा, दोन-तीन महिन्यांची नोटीस, पीएफ, आणि माणूस मोकळा. भागीदारीतून निघणं असं नसतं, आणि याचं मूळ दोन सह्यांत आहे.

पहिली सही भागीदारीच्या करारावरची. भारतीय भागीदारी कायदा १९३२ प्रमाणे, भागीदार असताना फर्मनं केलेल्या देण्यांना प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकेकट्यानेही जबाबदार असतो. हिस्सा २० टक्के असला, तरी जबाबदारी २० टक्क्यांपुरती राहत नाही. येण्याआधीची देणी नव्या भागीदारावर आपोआप येत नाहीत, हे खरं. निघाल्यावर मात्र जाहीर सूचना द्यावी लागते, नाहीतर फर्मच्या पुढच्या व्यवहारांची जबाबदारीही मागे लागू शकते.

दुसरी सही बँकेतली. सव्वा कोटीच्या कॅश क्रेडिटचं दरवर्षी नूतनीकरण होतं. वडिलांचं वय वाढलं की बँक सुचवते, मुलालाही गॅरंटर घ्या. मुलगा सही करतो आणि ज्या जुन्या देण्यापासून कायद्यानं तो लांब होता, ते गॅरंटीतून त्याच्यावर येतं. भागीदारी सोडली म्हणून गॅरंटी सुटत नाही. बँकेनं लेखी मुक्त केल्यावरच ती सुटते, आणि दुसरा गॅरंटर किंवा तारण मिळाल्याशिवाय बँक सहसा तसं करत नाही. पुढे त्यानं पुण्यात घरासाठी कर्ज मागितलं, की हा सव्वा कोटी त्याच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसू शकतो.

निघताना मिळणार काय, हेही बघा. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर वाद मूल्यावर होतो. ३५ लाखांचं मशीन घसाऱ्यामुळे पुस्तकात काही वर्षांत निम्म्याखाली येतं, बाजारात त्याला जास्त भाव असतो. आणि सगळ्यात मौल्यवान गोष्ट, एमआयडीसीचा प्लॉट, अनेकदा फर्मच्या नावावरच नसतो. एमआयडीसी जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं देते. तो पट्टा आजोबांच्या किंवा वडिलांच्या वैयक्तिक नावावर असेल, तर फर्ममधल्या २० टक्क्यांत प्लॉटचा एक चौरस मीटरही येत नाही. तो वारसाचा विषय, आणि वारसांत बहीणही असते. चार वर्षांनी काकांचा मुलगा आला, की निम्म्या-निम्म्याचं काय होणार, हेही कुठे लिहिलेलं नसतं.

म्हणून होकार देण्याआधी चार कागद वाचायला मागा : भागीदारीचा करार, भागीदारांच्या भांडवल खात्यांसह तीन वर्षांचे ताळेबंद, प्लॉटचा भाडेपट्टा आणि बँकेचं सॅन्क्शन लेटर. शेवटच्या कागदात गॅरंटर कोण आणि तारण काय, हे लिहिलेलं असतं. राहतं घर गहाण आहे, हे अनेक मुलांना तिथेच पहिल्यांदा कळतं. मागताना संकोच होतो, वडिलांना अविश्वास वाटेल अशी भीती असते. “बाबा, पुढं मलाच बघायचंय, तर आत्ताच समजून घेतो,” एवढं म्हटलं तरी पुरतं. घरच्या सीएंसमोर बसून वाचलं तर आणखी सोपं.

वरच्या नमुन्यातल्या मुलाला मी परत ये असंच सांगेन, पण भागीदार म्हणून नव्हे. पहिली दोन वर्षं नियुक्तीपत्र, ६० हजार पगार, पीएफ आणि फॉर्म १६ घेऊन पगारदार म्हणून यावं. दोन मशीनचा कारभार पूर्ण त्याच्याकडे असावा आणि रिजेक्शन व वसुलीचे आकडे दर महिन्याला लिहून ठेवावेत. पुन्हा नोकरी शोधायची वेळ आली, तर ‘घरचा धंदा बघत होतो’ या उत्तरापेक्षा हे कागद उपयोगी पडतात. दोन वर्षांनी काकांना समोर बसवून हिस्सा, भांडवल आणि निघण्याची रीत करारात लिहून घ्यावी. तोवर बँकेच्या कुठल्याही कागदावर सही करू नये.