लॉगच्या पोटातला लॉग

log(log x) हे फल दिसायला साधे आहे, पण x च्या जागी 0.5 घातले की कॅल्क्युलेटर चूक दाखवतो. 0.5 ही धन संख्या आहे आणि धन संख्येचा लॉग निघतो, हे शाळेत शिकवलेले असते. तरीही उत्तर मिळत नाही. कोणत्या किमती घातल्या तर फलाला वास्तव उत्तर मिळते, याचा संच म्हणजे त्या फलाचा प्रांत. लॉगच्या आत लॉग आला की नेमका हा प्रांत काढतानाच विद्यार्थी घसरतात.

लॉग म्हणजे घातांक. 10 चा कितवा घात केला की 100 मिळतात? दुसरा, म्हणून 100 चा 10 पायाचा लॉग 2. धन पायाचा कोणताही घात घेतला तरी शून्य किंवा ऋण संख्या मिळत नाही. म्हणून लॉगच्या आत फक्त धन संख्याच चालते. बाहेर येणारे उत्तर मात्र धन, शून्य किंवा ऋण, काहीही असू शकते. सारी गफलत इथेच होते. आतल्या लॉगचे उत्तर बाहेरच्या लॉगच्या पोटात जाते, आणि ते ऋण किंवा शून्य असले तर बाहेरचा लॉग अडतो. 0.5 चा लॉग सुमारे −0.301 येतो. आतला लॉग काढता आला, पण त्या ऋण संख्येचा लॉग निघत नाही.

म्हणून अटी दोन. आतल्या लॉगसाठी x > 0, आणि बाहेरच्यासाठी log x > 0, म्हणजेच x > 1. दुसरी अट पाळली की पहिली आपोआप पाळली जाते, म्हणून प्रांत x > 1 एवढाच. पाया 10 असो, 2 असो वा e, तो 1 पेक्षा मोठा असेल तर हे उत्तर बदलत नाही, कारण 1 चा लॉग कोणत्याही पायाला शून्यच. तिसरा लॉग चढवला की मात्र पाया महत्त्वाचा ठरतो. log(log(log x)) साठी log x हा 1 पेक्षा मोठा हवा, म्हणजे 10 पायाला x > 10, तर 2 पायाला x > 2. चौथ्या लॉगला 10 पायाची ही सीमा एकदम 10 च्या दहाव्या घातावर, म्हणजे एक हजार कोटींवर जाते.

पाया 1 पेक्षा लहान असेल तर चित्र उलटते. 1/2 पायाच्या लॉगला L म्हणू. 1/2 चे घात उतरत जातात, त्यामुळे L चे उत्तर धन येण्यासाठी आतली संख्या 1 पेक्षा लहान लागते. असमतेचे चिन्ह उलटायचे राहिले की पुढचे सगळे चुकते.

log(L(x² − 1.5x)) याचा प्रांत काढून पाहू. सुरुवात बाहेरून करणे सोयीचे. बाहेरच्या लॉगला L(x² − 1.5x) > 0 हवे, म्हणजे x² − 1.5x < 1. ही असमता x² − 1.5x − 1 < 0 अशी मांडली की अवयव पडतात (x − 2)(x + 0.5), आणि x हा −0.5 आणि 2 यांच्यामध्ये येतो. पुष्कळजण इथेच थांबतात. पण L च्या आतली संख्या धनही हवी. x(x − 1.5) > 0 साठी x शून्यापेक्षा लहान किंवा 1.5 पेक्षा मोठा लागतो. दोन्ही अटी एकत्र केल्या की प्रांताचे दोन तुकडे उरतात: −0.5 ते 0 आणि 1.5 ते 2. चारही टोके वगळायची.

किमती घालून पडताळा घेता येतो. x = 1 ला आतली राशी −0.5 होते, L सुद्धा निघत नाही. x = 3 ला राशी 4.5, तिचा L निघतो पण सुमारे −2.17, म्हणून बाहेरचा लॉग अडतो. x = 1.8 ला राशी 0.54, L सुमारे 0.89, आणि त्याचा लॉग सुमारे −0.05. शेवटचे उत्तर ऋण आले तरी हरकत नाही, कारण त्याच्या बाहेर आणखी लॉग नाही.

सोपे रूप देण्याच्या घाईतही प्रांत बदलतो. log(log x²) ला x < −1 सुद्धा चालते, कारण वर्ग केल्यावर संख्या धन होते. त्याचे log(2 log x) केले की ऋण बाजू पूर्ण गळते. म्हणून प्रांत मूळ रूपावरूनच काढायचा.

संभाव्यतेच्या सिद्धांतात, रशियन गणिती अलेक्सांद्र खिंचिन यांच्या 1924 च्या एका प्रमेयात ही काळजी उघड दिसते. नाणे n वेळा उडवताना छाप आणि काटा यांच्या संख्येतला फरक अखेरीस किती मोठा होऊ शकतो, याची मर्यादा तिथे 2n·ln(ln n) च्या वर्गमुळाने ठरते. Ln म्हणजे e पायाचा लॉग. n = 1 ला ln n शून्य होतो, त्याचा लॉग नाही. n = 2 ला ln(ln n) निघतो, पण −0.367 च्या आसपास, आणि मग वर्गमूळ अडते. e ची किंमत सुमारे 2.718 असल्याने हे सूत्र n = 3 पासूनच लिहिता येते.