कोलाबा, सांताक्रूझ आणि पावसाची रेषा

मुंबईच्या पावसाची नोंद हवामान खाते बेटाच्या दक्षिण टोकाला कोलाबा येथे, आणि उपनगरात विलेपार्ल्याच्या शेजारी सांताक्रूझ येथे ठेवते. या दोन नोंदींचा सहसंबंध काढण्याचा अभ्यास सरावपत्रिकेवर देता येतो. त्यासाठी पुढील आकडे कल्पिले आहेत. पाच दिवस कोलाब्यास १, २, ३, ४, ५ सेंटीमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी सांताक्रूझला अनुक्रमे २, ५, ४, ८, ६.

सरासरी ३ आणि ५ येते. प्रत्येक आकड्यातून आपापली सरासरी वजा करून जोडीजोडीचे गुणाकार केले असता बेरीज ११ होते. कोलाब्याच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १० आहे. ११ ला १० ने भागले की रेषेचा चढ १.१ मिळतो, आणि ५ मधून ३.३ वजा केले की आरंभाचा आकडा १.७. सहसंबंधाचा गुणक सुमारे ०.७८ येतो.

आता ताळा. रेषेने सांगितलेले आकडे २.८, ३.९, ५, ६.१, ७.२ होत. प्रत्यक्षातून ते वजा करता -०.८, १.१, -१, १.९, -१.२ उरतात व त्यांची बेरीज शून्य होते. बहुतेक विद्यार्थी येथेच थांबतात. पण हा ताळा अपुरा आहे. चढ चुकून १.२ धरला आणि आरंभ त्यावरून १.४ काढला, तरीही बेरीज शून्यच येते, कारण सरासरीच्या बिंदूतून जाणाऱ्या कोणत्याही रेषेस हे लागू पडते. म्हणून उरलेला प्रत्येक आकडा कोलाब्याच्या फरकाने, म्हणजे -२, -१, ०, १, २ ने, गुणावा. १.६ - १.१ + ० + १.९ - २.४ हेही शून्य आले, तरच चढ बरोबर.

चढाचा अर्थ सांगताना एकके सोडू नयेत. कोलाब्यास एक सेंटीमीटर अधिक पाऊस झालेल्या दिवशी सांताक्रूझला सरासरीने १.१ सेंटीमीटर अधिक आढळला, एवढेच हे विधान होय. कोलाब्याचा पाऊस सांताक्रूझच्या पावसाचे कारण नव्हे; एकच मोसमी वारे दोन्हींवर येतात.

२६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या चोवीस तासांत कोलाब्यास सुमारे ७.३ सेंटीमीटर, तर सांताक्रूझला ९४.४ सेंटीमीटर पाऊस झाला. आपली रेषा ७.३ साठी सुमारे ९.७ सांगते! हा सहावा बिंदू पत्रिकेत घालून गणित पुन्हा करवावे. चढ १.१ वरून सुमारे १३ होतो, आणि गुणक घसरण्याऐवजी ०.८० पर्यंत वाढतो. केवळ गुणक पाहणाऱ्यास रेषा सुधारली असेच वाटेल. पण आता कोलाब्यास एक सेंटीमीटर पडला तर सांताक्रूझला उणे साडेपंधरा पडेल, असे ती सांगू लागते. बिंदू कागदावर मांडले असते, तर हा एक बिंदू दूर वर उभा दिसून रेषेला ओढताना पहिल्याच नजरेत सापडला असता.