विश्लेषण : घशात फोड, तोंड घट्ट मिटलेलं... ‘हँड-फूट-माउथ’मध्ये लहान मुलांना भरवायचं तरी काय आणि कसं?

तळहातावर, तळपायावर लालसर पुरळ आणि दोन दिवसांपूर्वी येऊन गेलेला ताप. ‘हँड, फूट अँड माउथ डिसीज’ म्हटलं की पालकांचं लक्ष आधी या पुरळाकडे जातं. प्रत्यक्षात मुलाला सर्वाधिक त्रास होतो तो सहज न दिसणाऱ्या फोडांचा, म्हणजे तोंडातल्या आणि घशाच्या तोंडाशी आलेल्या फोडांचा. घोट गिळताना दुखतं, म्हणून मूल पाणीसुद्धा नाकारतं. बहुतेक मुलांमध्ये हा आजार आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. मात्र मधले दोन-तीन दिवस पोटात पुरेसं पाणी गेलं नाही, तर मुलाला सलाइन लावण्याची वेळ येऊ शकते. हे टाळण्यासाठी काय द्यायचं, कधी द्यायचं आणि धोका कसा ओळखायचा?

हा आजार नेमका काय आहे?

हा एन्टरोव्हायरस गटातल्या विषाणूंमुळे होणारा संसर्ग आहे. त्यात कॉक्सॅकी ए१६ आणि ए६ हे विषाणू नेहमी आढळतात. एन्टरोव्हायरस ए७१ हा त्यांचाच भाऊबंद, पण तो अधिक गंभीर आजार करू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना हा संसर्ग सर्वाधिक होतो. २०२२मध्ये केरळमधल्या कोल्लम जिल्ह्यात ‘टोमॅटो फ्लू’ची बातमी गाजली होती. केरळहून ब्रिटनला परतलेल्या दोन मुलांना तशीच लक्षणं दिसल्यावर तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात कॉक्सॅकी ए१६ सापडला. म्हणजे वेगळ्या नावाखाली गाजलेला आजार बहुधा हाच होता. विषाणूजन्य आजार असल्याने त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. उपचार म्हणजे वेदना कमी करणं आणि पाणी कमी पडू न देणं.

घशातले फोड इतके का दुखतात?

सुरुवातीला टाळूचा मागचा मऊ भाग, पडजिभेच्या आजूबाजूची जागा, जीभ आणि गालाची आतली बाजू इथे लाल ठिपके येतात. त्यांचे बारीक, पाणी भरलेले फोड होतात आणि ते लवकरच फुटतात. मागे उरतो पिवळसर-करड्या तळाचा, लाल कडेचा उथळ व्रण. खरी वेदना सुरू होते ती इथून, कारण वरचं आवरण गेल्यामुळे खालची मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात.

या टोकांवर ‘टीआरपीव्ही१’ नावाचा एक संवेदक असतो. उष्णता, मिरचीचा तिखटपणा आणि आम्ल या तिन्हींनी तो चाळवतो. एरवी साधारण ४३ अंश सेल्सिअसला तो ‘भाजलं’ असा संदेश मेंदूकडे पाठवतो. सूज असलेल्या जागी मात्र त्याहून बऱ्याच कमी तापमानालाही तो जागा होतो. म्हणून आपल्याला कोमट वाटणारं वरण मुलाला चटका दिल्यासारखं लागतं. गार पदार्थाने याच्या उलट होतं, जागा थोडी बधिर होते आणि घोट उतरतो.

आपल्याकडची अडचण इथेच आहे. आजारी मुलाला घरोघरी जे प्रेमाने दिलं जातं, म्हणजे मोसंबीचा रस, लिंबू सरबत, टोमॅटोचं सार, गरम वरण-भात, मीठ घातलेलं ताक, ते सगळं या व्रणांवर झोंबतं. एकदा झोंबलं की मूल पुढचा चमचा पाहूनच तोंड मिटतं, मग त्यात साधं दूध असलं तरी.

मग ताटात काय असावं?

गार किंवा घरातल्या तापमानाचं, मऊ, आंबट नसलेलं, तिखट नसलेलं आणि अगदी कमी मिठाचं. थंड दूध, ताजं गोड दही, गुरगुट्या भात दुधात किंवा दह्यात कालवून, निवलेली पातळ मूगडाळ खिचडी, तांदळाची पेज, रव्याची किंवा नाचणीची खीर, कुस्करलेलं केळं, पिकलेली पपई, लोणी घालून मऊ केलेला बटाटा. शहाळ्याचं पाणी चालतं. आइस्क्रीम, कस्टर्ड किंवा घरची कुल्फीही चालते. ‘घसा बिघडेल’ ही भीती इथे बाजूला ठेवायला हरकत नाही. गार पदार्थांनी हे फोड वाढत नाहीत.

टोस्ट, बिस्किटं, चिवडा, भाकरी हे कडेने टोचणारे पदार्थ काही दिवस बंद ठेवावेत. चार वर्षांखालच्या मुलाला चघळायला बर्फाचा खडा देऊ नये, तो घशात अडकू शकतो.

भरवण्याची पद्धतही महत्त्वाची. बाटलीचं बूच किंवा स्ट्रॉ ओढताना टाळूवर दाब येतो आणि दुखतं. त्याऐवजी वाटी-चमचा किंवा सुई नसलेली औषधाची सिरिंज वापरून गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडावं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध चालूच ठेवावं, फक्त कमी वेळ आणि जास्त वेळा पाजावं.

वेदनाशामक कधी द्यायचं?

पॅरासिटामॉल ताप नसतानाही वेदनेसाठी देता येतं, हे अनेक पालकांच्या लक्षात येत नाही. ताप उतरला म्हणून औषध थांबतं आणि नेमके त्याच वेळी फोड फुटलेले असतात. औषधाचा परिणाम जाणवायला अर्धा ते पाऊण तास लागतो. म्हणून आधी औषध आणि अर्ध्या-पाऊण तासाने जेवण हा क्रम ठेवावा.

डोस वजनावर ठरतो. डॉक्टर सहसा दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम धरतात. इथे एक धोका आहे. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींची सिरप मिळतात. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम द्यायचं असेल, तर पहिल्यातलं ७.५ मिलिलिटर लागेल आणि दुसऱ्यातलं फक्त ३.६ मिलिलिटर. ‘मागच्या वेळी साडेसात दिलं होतं’ म्हणून दुसऱ्या बाटलीतलं तेवढंच दिलं, तर दुपटीहून जास्त औषध पोटात जाईल. त्यामुळे डोस डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्यावा आणि बाटलीवरची ताकद त्याच्याशी ताडून पाहावी. तीन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल देऊ नये. मूल नीट पीत नसेल, तर आयबुप्रोफेन असलेलं सिरपही विचारल्याशिवाय देऊ नये, कारण पाणी कमी पडलेल्या शरीरात त्याचा मूत्रपिंडावर ताण येतो. अॅस्पिरिन तर मुलांना नकोच.

एका दिवसाचा हिशेब कसा मांडायचा?

समजा, अडीच वर्षांचं, १२ किलो वजनाचं मूल आहे. मुलांच्या द्रवाची गरज मोजण्याची डॉक्टरांची एक सोपी रीत आहे. पहिल्या १० किलोंसाठी दर किलोला १०० मिलिलिटर आणि पुढच्या १० किलोंपर्यंत दर किलोला ५० मिलिलिटर. म्हणजे या मुलाला दिवसभरात साधारण १,१०० मिलिलिटर लागेल. ताप असेल तर त्याहून थोडं जास्त.

आकडा मोठा वाटतो, पण तो दिवसभरात वाटून घेता येतो. सकाळी साडेसात, दुपारी दीड आणि संध्याकाळी साडेसात अशी औषधाची वेळ ठेवली, तर सव्वाआठ, सव्वादोन आणि सव्वाआठ या भरवण्याच्या वेळा झाल्या. प्रत्येक वेळी १५० मिलिलिटर गार दूध किंवा पेज गेली, तर ४५० मिलिलिटर झालं. मधल्या वेळात दर पाच मिनिटांनी ५ मिलिलिटरचा एक चमचा, म्हणजे तासाला ६० मिलिलिटर. असे पाच तास जमले की ३०० मिलिलिटर. दिवसभरात दहीभात, केळं, पपई मिळून ३०० ग्रॅम खाल्लं, तर त्यात दोनशेहून जास्त मिलिलिटर पाणी असतंच. बेरीज हजाराच्या जवळ जाते.

घन आहार कमी झाला तर दोन-तीन दिवस फारसं बिघडत नाही. द्रव मात्र थांबता कामा नये. मूल फारच कमी पीत असेल, तर ओआरएस थंड करून चमच्याने द्यावं. पूर्ण पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळावं. ते झोंबतं म्हणून मूल नाकारत असेल, तर जे द्रव ते पितं तेच चालू ठेवावं.

पाणी कमी पडतंय, हे कसं ओळखायचं?

इथे एक फसगत होते. गिळताना दुखतं म्हणून मुलाची लाळ सतत गळते. तोंड ओलं दिसतं आणि ‘पाणी ठीक आहे’ असा समज होतो. म्हणून तोंडापेक्षा लघवीवर लक्ष ठेवावं. शेवटची लघवी कधी झाली ते फोनमध्ये नोंदवून ठेवावं. तान्ह्या बाळाने सहा तास आणि मोठ्या मुलाने आठ तास लघवी केली नसेल, रडताना अश्रू येत नसतील, डोळे खोल गेले असतील किंवा मूल मलूल पडलं असेल, तर डॉक्टरांकडे न्यावं. पोटात काहीच टिकत नसेल, तर आठ तासांची वाट पाहू नये.

काही लक्षणं पाण्याशी नव्हे, मेंदूशी संबंधित असतात. तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, वारंवार उलट्या, झोपेत दचकून अंगाला झटके बसणं, चालताना तोल जाणं, न उठणारी गुंगी किंवा जोरात चालणारा श्वास यांपैकी काहीही दिसलं, तर थेट रुग्णालय गाठावं. एन्टरोव्हायरस ए७१च्या संसर्गात अशी गुंतागुंत होऊ शकते.

तोंडात काही लावावं का?

मुलांसाठी लिहून दिलेलं नसेल, तर नाही. दात येताना किंवा तोंड आल्यावर लावायच्या अनेक जेलमध्ये बधिर करणारी औषधं किंवा सॅलिसिलेट असतं. लहान मूल ते गिळतं आणि त्याचे दुष्परिणाम गंभीर असू शकतात. बेन्झोकेन दोन वर्षांखालच्या मुलांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटवू शकतं. मधात टंकणखार खलून लावण्याची जुनी पद्धतही टाळावी. टंकणखार म्हणजे बोरॅक्स. ते पोटात जाणं विषारी ठरू शकतं आणि एक वर्षाखालच्या बाळाला मधही देऊ नये.

शाळेत, पाळणाघरात कधी पाठवायचं?

ताप गेलेला असावा, मूल नीट खात-पीत असावं आणि अंगावरचे फोड सुकलेले असावेत. पण विषाणू शौचावाटे त्यानंतरही काही आठवडे बाहेर पडत राहतो. या विषाणूवर अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर फारसं प्रभावी नाही. त्यामुळे डायपर बदलल्यावर आणि मुलाला भरवण्याआधी साबणाने हात धुणं मूल बरं झाल्यानंतरही काही आठवडे चालू ठेवावं लागतं. मुलाचा पेला, वाटी-चमचा आणि टॉवेलही तोवर वेगळा ठेवावा.